पूर ओसरला, स्वप्न ओसरेना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याने सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. नदीकाठच्या वस्त्यांबरोबर बाजारपेठेतही पाणी शिरले आणि गणपती-दिवाळीच्या हंगामासाठी भरून ठेवलेला माल अनेक दुकानांत भिजून कुजला. पुढील महिन्यांत पंचनामे झाले, विमा कंपन्यांचे सर्व्हेअर येऊन गेले, भिंतींना नवा रंग लागला. नुकसानीच्या या हिशेबात एक गोष्ट मात्र कोठेही नोंदली जात नाही, आणि ती म्हणजे दुकान सावरल्यानंतरही मालकाच्या झोपेत रोज रात्री पुन्हा चढणारे पाणी.

या विषयाचा विचार एका कापड व्यापाऱ्याच्या उदाहरणाने करणे सोयीचे आहे. हे उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांच्या हकिगतींत जे पुन्हा पुन्हा आढळते, ते एकत्र करून उभे केलेले हे प्रातिनिधिक चित्र आहे. वय ५२, तीन पिढ्यांची पेढी, घरी वृद्ध आई, पत्नी, हाताखाली आलेला मुलगा आणि लग्न ठरत असलेली मुलगी. बाजारात त्यांना सारे अण्णा म्हणतात. पाणी वाढू लागले त्या रात्री माळ्यावरचा माल तरी वाचवावा म्हणून ते दुकानात थांबले होते. शटर अर्धे खाली होते, वीज गेलेली होती आणि बाहेर पडायला त्यांना बराच उशीर झाला. जिवाला इजा झाली नाही, तळमजल्यावरचे सर्व तागे मात्र गेले.

स्वप्ने तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून सुरू झाली. पाणी गुडघ्यापर्यंत आले आहे, शटर उचलत नाही, किल्ली फिरत नाही आणि माळ्यावरून दिवंगत वडिलांची हाक ऐकू येते आहे. याच क्षणी अण्णा घामाघूम होऊन जागे होत. घड्याळात बहुधा साडेतीन किंवा चार वाजलेले असत.

आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशी स्वप्ने पडणे हा आजार नव्हे. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांच्या स्वप्नांची तुलना दूरच्या ॲरिझोना राज्यातील विद्यार्थ्यांच्या स्वप्नांशी करण्यात आली. भूकंप अनुभवलेल्यांना दुःस्वप्ने अधिक पडत होती आणि त्यांतील पुष्कळशी भूकंपाचीच होती. मन जे पचवू शकलेले नाही, ते झोपेत पुन्हा वर येते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते हळूहळू आपले रूप बदलते. दुकानातील पाणी आधी नदीचे होते, मग कोठल्या तरी अनोळखी विहिरीचे होते, मग त्यात लहानपणीचे एखादे घर मिसळते, आणि एके दिवशी स्वप्न आठवेनासे होते. स्वप्नाचे असे बदलत जाणे हे मन सावरत असल्याचे चांगले लक्षण आहे. तेच दृश्य, त्याच क्रमाने, त्याच शेवटापर्यंत महिनोन्‌महिने येत राहिले, तर ही सावरण्याची क्रिया कोठेतरी अडली आहे असे समजावे.

पहाटेच्या सुमारासच जाग का येते, याचे कारण झोपेच्या रचनेत आहे. रात्रीची झोप एकसारखी नसते. सुमारे दीड तासाची आवर्तने चालतात आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक टप्पा येतो, ज्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे जलद हलत असतात. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली या टप्प्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. ठसठशीत, कथानक असलेली स्वप्ने प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात, म्हणून येथे त्याला स्वप्ननिद्रा म्हणू. रात्रीच्या आरंभी ती काही मिनिटांचीच असते, पण उत्तररात्री लांबत जाते, आणि म्हणूनच दुःस्वप्ने पहाटेकडे दाटतात. या टप्प्यात मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कार्यरत असतो, हातापायांचे स्नायू मात्र शिथिल करून ठेवलेले असतात. पळायचे आहे पण पाय उचलत नाहीत, हा स्वप्नातील परिचित अनुभव याच शिथिलतेशी जोडला जातो.

अण्णांच्या बाबतीत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सर्व काही अपेक्षेप्रमाणे चालले होते. रोज पडणारे स्वप्न आठवड्यातून दोनदा पडू लागले. दिवाळीनंतर मात्र ते उलटले आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवड्यातील चार-पाच रात्री जाऊ लागल्या. घरात याची तीन स्पष्टीकरणे तयार झाली. आईला वाटले, वडील काही सांगू पाहत आहेत, तेव्हा कोणा जाणत्याला स्वप्नाचा अर्थ विचारावा. मुलाला वाटले, कर्जाची चिंता आहे, ती फिटली की सारे आपोआप थांबेल. पत्नीला भीती वाटत होती, पण बोलायचे कोणाशी हे कळत नव्हते, कारण अण्णांनी तिला बजावले होते की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. शेठ मानसोपचारतज्ज्ञाकडे जातात असे बाजारात पसरले, तर उधारीवर माल देणारा अडत्या दोनदा विचार करील आणि मुलीच्या सासरकडचेही विचारतील, असा त्यांचा हिशेब होता. व्यापारात पत ही भांडवलाइतकीच मोलाची, हे खरे आहे. पण या मौनाची किंमतही लागत होती आणि ती कोणी मांडत नव्हते.

आईच्या समजुतीविषयी दोन शब्द येथे आवश्यक आहेत. त्रिशलामातेच्या मंगल स्वप्नांची कथा ज्या घरांत श्रद्धेने ऐकली जाते, तेथे स्वप्नाला अर्थ असतो ही भावना स्वाभाविक आहे आणि तिच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु एका भयंकर रात्रीनंतर तिचेच दृश्य झोपेत परत येणे ही भविष्याची सूचना नव्हे, ती घडून गेलेल्या गोष्टीची खूण आहे. पायाला लागलेली ठेच दुसऱ्या दिवशी दुखते, तेव्हा त्या दुखण्याचा शकुन कोणी पाहत नाही.

अखेर अण्णा डॉक्टरांकडे गेले ते स्वप्नासाठी नव्हे. गोदामातून परत येताना दुपारी गाडी चालवता चालवता त्यांचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासली. घरचे डॉक्टर जुने होते. त्यांनी प्रथम झोपेविषयी विचारले, मग पत्नीला आत बोलावले, आणि सारी कहाणी बाहेर आली. त्यांनी मिरजेतील एका मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

त्या पहिल्या भेटीत काय झाले ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे, कारण अनेकांची कल्पना अशी असते की मानसोपचारतज्ज्ञ स्वप्नाचा गूढार्थ शोधत बसतात किंवा थेट झोपेची गोळी हाती ठेवतात. डॉक्टरांनी स्वप्नाची गोष्ट ऐकली, पण त्यांचे बहुतेक प्रश्न स्वप्नाभोवतीचे होते. स्वप्न आठवड्यातून किती रात्री पडते? जाग आल्यावर आपण कोठे आहोत हे लगेच कळते का? पुन्हा झोप लागते का? दिवसा काय बिघडले आहे? पुराची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळता का? या शेवटच्या प्रश्नावर अण्णा थोडे थांबले. पाऊस सुरू झाला की ते दुकानातून निघून जात, नदीवरचा पूल टाळून लांबच्या रस्त्याने गोदामाला जात, आणि तीन पिढ्यांचे दुकान विकून टाकण्याचे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकले होते. हा निर्णय व्यापारी हिशेबातून आलेला नव्हता, तो जागरणांतून आला होता.

नंतर डॉक्टरांनी औषधांच्या पुड्या पाहायला मागितल्या, आणि दिवाळीनंतर स्वप्ने का उसळली याचा निम्मा उलगडा तेथेच झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस धडधड होते म्हणून अण्णांना प्रोप्रॅनोलोल ही गोळी सुरू झाली होती. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आवरणाऱ्या औषधांतील बीटा ब्लॉकर नावाच्या गटात ती मोडते. या गटातील जी औषधे मेंदूत सहज शिरतात, विशेषतः प्रोप्रॅनोलोल आणि काही प्रमाणात मेटोप्रोलोल, ती काही जणांत स्वप्ने अतिशय ठसठशीत करतात. याशिवाय विमा आणि बँकेच्या कागदांसाठी अण्णा लागोपाठ चार-पाच रात्री दोन वाजेपर्यंत बसत आणि मग एखाद्या रात्री थकून लवकर झोपत. तुटलेली स्वप्ननिद्रा संधी मिळताच थकबाकी वसूल केल्यासारखी अधिक जोराने येते, आणि तिच्याबरोबर स्वप्नेही. तिसरी गोष्ट ते सांगायला कचरत होते. एका मित्राने दिलेली अल्प्राझोलामची गोळी ते अधूनमधून घेत आणि मग भीतीने चार दिवस बंद करीत. अशी गोळी एकाएकी थांबवल्यानेही झोप आणि स्वप्ने खवळतात.

येथे वाचकाने एक खबरदारी घ्यावी. आपल्या गोळीचे नाव वरच्या परिच्छेदात दिसले म्हणून ती स्वतःहून बंद करू नये. बीटा ब्लॉकर अचानक सोडल्यास रक्तदाब उसळू शकतो आणि हृदयविकार असलेल्याला ते महागात पडते. नेहमीची झोपेची गोळी झटक्यात थांबवल्यास झटकेही येऊ शकतात. अण्णांच्या दोन्ही डॉक्टरांनी आपापसांत बोलून प्रोप्रॅनोलोल टप्प्याटप्प्याने कमी केले आणि धडधडीसाठी दुसरी व्यवस्था केली. मित्राने दिलेली गोळीही देखरेखीखाली सुटली.

आणखी एक प्रश्न पत्नीला होता. "हे घोरतात का? घोरता घोरता श्वास थांबून मग जोराचा हुंदका दिल्यासारखा येतो का?" बुडण्याचे, गुदमरण्याचे, छातीवर कोणी बसल्याचे स्वप्न वारंवार पडत असेल, तर झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे का हे पाहावे लागते. स्थूल, जाड मानेच्या आणि दिवसभर पेंगणाऱ्या माणसात तो विशेष आढळतो. अशा रुग्णांना रात्री नाकावर हवेच्या दाबाचे यंत्र लावले की श्वासाबरोबर पुष्कळदा स्वप्नेही सुधारतात. अण्णा घोरत, पण थोडेच, आणि श्वास थांबत नव्हता. दिवसाची पेंग जागरणाची होती. तरीही हा प्रश्न विचारणे चुकवता येत नाही, कारण बुडण्याच्या स्वप्नाचे कारण पूर आहे असे सर्वांनी गृहीत धरलेले असताना ते घशात असू शकते.

मग डॉक्टरांनी थोड्या हळू आवाजात विचारले, "अण्णा, सकाळी जाग आलीच नाही तर बरे, असे कधी मनात येते का?" अण्णांनी पत्नीकडे पाहिले नाही. "दोन-तीनदा आले, डॉक्टरसाहेब." हा प्रश्न औपचारिकतेचा नव्हता. वारंवार येणारी दुःस्वप्ने आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. रात्री सुटका नाही आणि दिवसा विश्रांती नाही, अशा अवस्थेत माणूस थकतो. विचारल्याने असे विचार मनात रुजतात ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने ते बोलता येतात. अण्णांच्या बाबतीत कोणती योजना किंवा तयारी नव्हती, पण पत्नीला विश्वासात घेतले गेले, घरातील गोळ्या तिच्या ताब्यात आल्या आणि पुढची भेट आठवड्याच्या आत ठरली.

तर मग केव्हा जावे? अण्णा चार महिने थांबले. आघातानंतरचा पहिला महिना ही व्यवहारातील उपयुक्त मर्यादा आहे. त्या काळात स्वप्ने कमी होत असतील आणि माणूस दिवसाची कामे करू शकत असेल, तर वाट पाहणे योग्य. महिना उलटूनही तेच स्वप्न आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा येत असेल आणि त्यामुळे झोपायला जाण्याची भीती वाटू लागली असेल, दिवसाचे काम, वाहन चालवणे किंवा स्वभाव बिघडला असेल, किंवा घटनेची आठवण देणारी ठिकाणे टाळली जात असतील, तर तज्ज्ञाला दाखवावे. मरणाचा विचार आला असेल, तर महिनाही मोजू नये. उलट, वर्षातून चार-सहा वेळा एखादे भयानक स्वप्न पडते, सकाळी चहाबरोबर ते घरच्यांना सांगून माणूस कामाला लागतो, त्याला कोणत्याही दवाखान्याची गरज नाही.

अण्णांचे निदान आघातोत्तर ताणविकार असे झाले आणि त्यासाठी स्वतंत्र समुपदेशनही सुरू झाले. स्वप्नासाठी जो उपचार दिला गेला तो ऐकायला इतका साधा आहे की प्रथम कोणाचा विश्वास बसत नाही. जागेपणी स्वप्न बदलायचे आणि बदललेल्या स्वप्नाची मनातल्या मनात रोज उजळणी करायची. अमेरिकेत बॅरी क्राकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिको राज्यात लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर या पद्धतीचा अभ्यास करून तो २००१ साली प्रसिद्ध केला. उपचार मिळालेल्या गटात दुःस्वप्ने स्पष्टपणे घटली आणि झोपही सुधारली. त्यामागील तर्क असा की वारंवार येणारे स्वप्न ही काही अंशी मेंदूला लागलेली सवय असते. रोज त्याच वाटेने जाऊन पाऊलवाट पडावी तशी. शेजारी दुसरी वाट तुडवली, तर पाय हळूहळू तिकडे वळतात.

डॉक्टरांनी पुराच्या स्वप्नापासून आरंभ केला नाही, आणि येथेच स्वतःच्या बुद्धीने प्रयोग करणारे बहुधा चुकतात. सर्वांत भयंकर स्वप्न प्रथम हाती घेतले, तर उजळणीच असह्य होते आणि माणूस दोन दिवसांत सोडून देतो. अण्णांना अधूनमधून दुसरे एक स्वप्न पडे, त्यात जमाखर्चाच्या वहीतील अक्षरे पुसली जात. ते तुलनेने सौम्य होते. पहिले दोन आठवडे त्यांनी त्याच्यावर सराव केला. वही उघडायची, अक्षरे फिकट दिसायची, मग मुलगा दिवा जवळ आणतो आणि सर्व रकमा स्पष्ट वाचता येतात, एवढाच बदल. सराव दुपारी, दुकानाच्या मागच्या खोलीत, डोळे मिटून पंधरा मिनिटे. झोपण्यापूर्वी अंथरुणावर नाही, कारण अंथरुणाशी भीतीचे नाते आधीच जडलेले असते.

हे जमल्यावर पुराच्या स्वप्नाची पाळी आली. डॉक्टरांनी नवा शेवट सुचवला नाही. तो रुग्णाने स्वतः रचावा लागतो, इतरांनी दिलेला मनाला लागत नाही. अण्णांनी तीन वेळा लिहून खोडले. एका मसुद्यात ते शटर तोडून बाहेर पडत होते, पण त्यात झटापट होती आणि उजळणीनंतर छाती धडधडे, म्हणून तो बाद झाला. अखेर जो ठरला तो असा. पाणी गुडघ्याला आहे, माळ्यावरून वडिलांची हाक येते. अण्णा शटरकडे न जाता शिडी चढून वर जातात. माळा कोरडा आहे, तागे ओळीने लावलेले आहेत, वडील गादीवर बसले आहेत. ते वही मिटतात आणि म्हणतात, "झाले आजचे. चल, घरी जाऊ." मागच्या जिन्याने दोघे उतरतात, रस्ता कोरडा आहे.

वास्तवात त्या दुकानाला मागचा जिना नाही. अण्णांनी ही अडचण काढली, तेव्हा डॉक्टर हसले. "स्वप्नातल्या इमारतीला नगरपालिकेची परवानगी लागत नाही, अण्णा."

रोजच्या सरावात फक्त नवे स्वप्न आणायचे, जुने पुन्हा पुन्हा घोळवायचे नाही, हा कटाक्ष होता. शेजारी एक छोटी वही ठेवली होती. तिच्यात सकाळी इतकेच लिहायचे, की रात्री स्वप्न पडले की नाही आणि भीती दहापैकी किती. स्वप्नाचे वर्णन लिहायचे नाही. गोळ्यांची व्यवस्था बदलल्यानंतरच आकडे चार-पाच रात्रींवरून तीनवर आले होते. सरावाच्या तिसऱ्या आठवड्यात स्वप्न पडे, पण अर्धवट. पाणी असे आणि किल्लीचा भाग नसे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास आठवड्यात एखादी रात्र उरली आणि भीतीचा आकडा नऊवरून चारवर आला. नवे स्वप्न जसेच्या तसे त्यांना कधीच पडले नाही. ते पडावे अशी अपेक्षाही नसते. जुन्याची पकड सुटणे पुरेसे असते.

या उपचाराला मर्यादा आहेत. काहींना जागेपणी चित्र डोळ्यांसमोर आणणेच जमत नाही, काहींचा आघात इतका ताजा असतो की आधी इतर आधार उभा करावा लागतो. तेथे औषधाचा विचार होतो. प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध या स्वप्नांसाठी वापरले जाते, कारण ताणाच्या काळात झोपेतही चढे राहणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्याचा परिणाम ते रोखते. आरंभीच्या लहान अभ्यासांत त्याचा चांगला गुण दिसला, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, निवृत्त अमेरिकन सैनिकांवरील मोठ्या चाचणीत ते साध्या गोळीहून सरस ठरले नाही. त्यामुळे काहींना लागू पडते, सर्वांना नाही, असे समजून डॉक्टर ते देतात. पहिल्या मात्रेनंतर उभे राहताना घेरी येऊ शकते, म्हणून आरंभ अगदी अल्प मात्रेने होतो.

चौविहार पाळणाऱ्या घरांना येथे एक व्यावहारिक अडचण येते. प्राझोसिनचा प्रभाव काही तासच टिकतो आणि ते झोपण्याच्या वेळी घ्यायचे असते. सूर्यास्तापूर्वी, म्हणजे सहा-साडेसहाला गोळी घेतली, तर उत्तररात्री, जेव्हा स्वप्ने दाटतात, तिचा जोर ओसरलेला असतो. अनेक रुग्ण संकोचाने हे सांगत नाहीत, गोळी संध्याकाळी घेतात आणि औषधाचा गुण आला नाही असे ठरवतात. आपला नियम पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावा. औषधासाठी नियमात सूट घ्यायची की दुसरा मार्ग निवडायचा, हे त्यानंतर घरात ठरवता येते. अण्णांनी गोळी न घेता सरावाचा मार्ग धरला, त्यामागे हेही एक कारण होते.

जाग आल्यावर अंथरुणात बसून नवकार म्हणणे, दिवा लावून आपण घरीच आहोत याची खात्री करून घेणे, पाणी चालत असल्यास दोन घोट पाणी, यांनी मन स्थिर होते आणि त्यात काहीच गैर नाही. परंतु झोपेची भीती वाटते म्हणून उरलेली रात्र जपात जागून काढायची असे रोज होऊ लागले, तर ती आराधना राहत नाही, ते टाळणे होते, आणि दुसऱ्या रात्री थकलेली स्वप्ननिद्रा अधिक जोराने परतते.

आता अण्णांच्या चित्रात न बसणाऱ्या दोन अवस्था थोडक्यात सांगितल्या पाहिजेत, कारण घरातील माणसे त्यांनाही वाईट स्वप्नेच म्हणतात. लहान मुले झोपी गेल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठतात, डोळे उघडे असतात, पण आईला ओळखत नाहीत आणि सकाळी काही आठवत नाही. हे स्वप्न नसते, गाढ झोपेतून अर्धवट जाग आलेली असते. मुलाला हलवून जागे करू नये, फक्त पडू-लागू नये हे पाहावे. वाढत्या वयात हे बहुधा आपोआप थांबते.

दुसरी अवस्था अधिक गंभीर आहे. पन्नाशी ओलांडलेली व्यक्ती, बहुधा पुरुष, स्वप्नात भांडत असता प्रत्यक्ष हात उगारते, लाथा मारते, पत्नीला इजा होते किंवा स्वतः पलंगावरून खाली पडते. स्वप्ननिद्रेत स्नायू शिथिल ठेवणारी यंत्रणा येथे निकामी झालेली असते. काही नैराश्यविरोधी औषधांनीही हे होते, पण असे कारण नसेल, तर पुढे काही वर्षांनी कंपवातासारखा मेंदूचा विकार दिसण्याची शक्यता बरीच असते. पुष्कळ घरांत या गोष्टीवर हसून पत्नी दुसऱ्या खोलीत झोपायला जाते आणि विषय संपतो. तो संपू नये. अशा व्यक्तीने मानसोपचारतज्ज्ञाऐवजी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे, झोपेची रात्रभराची तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत पलंगाजवळील टोकदार वस्तू हलवाव्यात.

ज्यांच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नाहीत किंवा अण्णांप्रमाणेच ज्यांना बाजारात दिसण्याचा संकोच आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य, रात्रंदिवस उपलब्ध असून मराठीतूनही बोलता येते. सरकारी जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. भेटीला जाताना दोन आठवड्यांची वही, घेत असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, मित्राने किंवा दुकानदाराने दिलेल्यासुद्धा, आणि रात्री शेजारी झोपणारी व्यक्ती, एवढे बरोबर न्यावे.

अण्णांनी दुकान विकले नाही. तळघरातील साठा मात्र त्यांनी कायमचा वरच्या मजल्यावर नेला. २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा धोक्याच्या खुणेवर गेली, तेव्हा त्यांना दोन रात्री पुन्हा पाणी दिसले. तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत बसून त्यांनी पंधरा मिनिटांचा सराव परत सुरू केला.